चष्म्याच्या फोटोवरून फ्रेम कशी ओळखायची? ‘गोल’ दिसणारी फ्रेम खरंच गोल असते का?

पुणे-सोलापूर महामार्गावर भिगवणजवळ डाळज हे गाव आहे. समजा, तिथल्या एका आजोबांच्या चष्म्याची काडी तुटली. काचा शाबूत आहेत, नंबरही बदललेला नाही. नातीने आजोबांचा चष्मा घातलेला जुना फोटो व्हॉट्सॲपवर भिगवणच्या दुकानात पाठवला आणि लिहिलं, “अशीच फ्रेम पाहिजे.” तिकडून उत्तर आलं, “गोल रिमलेस आहे, मागवतो.” फ्रेम आली, पण जुन्या काचा तिच्यात बसेनात. कारण मूळ फ्रेम गोलही नव्हती आणि रिमलेसही नव्हती.

असा घोळ कुठेही होऊ शकतो. फोटोवरून फ्रेम ओळखताना बहुतेक जण आधी आकाराकडे बघतात, पण सुरुवात काचेच्या कडेपासून करायला हवी.

काच कशाने धरली आहे?

काचेभोवती पूर्ण कडं असेल तर ती फुल रिम. वरच्या बाजूला पट्टी आणि खाली काच उघडी असेल तर ती हाफ रिम, दुकानदारांच्या भाषेत ‘सुप्रा’. सुप्रामध्ये काचेच्या कडेला बारीक खाच असते आणि त्या खाचेतून गेलेला नायलॉनचा पारदर्शक दोरा काच खालून धरून ठेवतो. रिमलेसमध्ये कडंच नसतं. काचेलाच भोकं पाडून नाकाचा पूल आणि काड्या तिथे बसवलेल्या असतात.

म्हणून फोटोत शोधायची ती भोकं. नाकाजवळ आणि कानाकडच्या टोकाला काचेवर बारीक स्क्रू किंवा ठिपका दिसला तर ती रिमलेस. ठिपका दिसत नसेल तर भुवईच्या रेषेत एखादी बारीक पट्टी आहे का ते बघायचं. आजोबांच्या फोटोत नेमकी इथेच चूक झाली. सोनेरी बारीक पट्टी भुवईच्या सावलीत लपली होती, खालची कड उघडी होती आणि दोरा तर फोटोत दिसतच नाही. त्यामुळे सुप्रा रिमलेस वाटली. तिच्या काचांना खाच होती, भोकं नव्हती.

आकार आणि मान वळवण्याचा खेळ

आकारासाठी एका काचेभोवती मनातल्या मनात चौकट आखायची. रुंदी आणि उंची जवळपास सारखी आणि कुठेही कोपरा नाही, तर ती गोल. रुंदी जास्त पण कोपरे नसतील तर लंबगोल. वरची कड सपाटसर आणि खालची गोलाकार असेल तर ‘पँटो’. बाजारात पँटोलाही सर्रास गोल म्हणतात. ‘कॅट-आय’मध्ये काचेचा सर्वांत उंच बिंदू कानाकडच्या वरच्या कोपऱ्यात असतो आणि तो कोपरा बाहेर उचललेला असतो. अल्टिना शिनासी या अमेरिकन डिझायनरने १९३०च्या दशकात ‘हार्लेक्विन’ नावाने ही फ्रेम आणली. वेफेररचेही कोपरे थोडे वर असतात, त्यामुळे दोन्हींत गल्लत होते. पण वेफेररची कड सगळीकडून जाड असते आणि खालची बाजू वरच्यापेक्षा अरुंद असते.

आता आजोबांच्या फ्रेमचं गणित पाहू. समजा, काच ५० मिलिमीटर रुंद आणि ४० मिलिमीटर उंच, म्हणजे सरळ लंबगोल. फोटोत आजोबांनी मान एका बाजूला साधारण ३७ अंश वळवली आहे. अशा वेळी रुंदी सुमारे ८० टक्केच दिसते, म्हणजे ५०ची ४०. उंची मात्र तशीच राहते. चाळीस बाय चाळीस! लंबगोल काच फोटोत गोल झाली.

हे पकडण्याची सोपी खूण म्हणजे दोन्ही काचांची तुलना. लांबची काच जवळच्या काचेपेक्षा अरुंद दिसत असेल तर मान वळलेली आहे, आणि त्या फोटोवरून गोल की लंबगोल हे ठरवायचं नाही. फोन चेहऱ्याच्या फार जवळ धरला तरी आकार बिघडतो.

याच कारणाने काँप्युटरही चकतो. चेहऱ्यांच्या अभ्यासात खूप वापरल्या जाणाऱ्या ‘सेलेबए’ या संग्रहात दोन लाखांहून जास्त फोटो आहेत आणि प्रत्येकावर ४० खुणा नोंदवल्या आहेत. चष्म्याबद्दल त्यात एकच खूण आहे, ती म्हणजे चष्मा आहे की नाही. फ्रेम कुठली, ही पुढची पायरी बरीच अवघड आहे.

मटेरियल फोटोत किती दिसतं?

खरं सांगायचं तर थोडंच. नाकावर टेकणारे नोजपॅड वेगळ्या बारीक तारांवर बसवलेले दिसले तर फ्रेम बहुधा धातूची. नाकाची बाजू फ्रेममधूनच घडवलेली असेल तर बहुधा प्लास्टिक किंवा ॲसिटेट, म्हणजेच ‘शेल फ्रेम’. शेल हा शब्द कासवाच्या कवचावरून आला, पण आजच्या शेल फ्रेम ॲसिटेटच्या असतात. चांगल्या ॲसिटेटमध्ये रंगाचे ठिपके वरवर छापलेले नसतात, ते कडेच्या जाडीतही उतरलेले दिसतात. त्यासाठी कडेचा जवळून काढलेला फोटो लागतो.

जुन्या कृष्णधवल फोटोंत हा घोळ वाढतो. महात्मा गांधी आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे गाजलेले फोटो शेजारी ठेवले तर दोघांच्याही चष्म्याला आपण ‘गोल’ म्हणतो. पण गांधीजींची कड बारीक तारेची आहे आणि बाबासाहेबांची गडद, ठसठशीत. ती काळी होती की गडद तपकिरी, हे त्या फोटोंतून कळत नाही. गांधीजींचा म्हणून ओळखला जाणारा एक चष्मा ऑगस्ट २०२० मध्ये ब्रिस्टलच्या लिलावात २ लाख ६० हजार पौंडांना विकला गेला. त्यावर सोन्याचा मुलामा होता. कृष्णधवल फोटोत सोनं आणि स्टील दोन्ही राखाडीच दिसतात.

आजही टायटॅनियम आणि स्टील फोटोत सारखेच दिसतात. फरक हातात घेतल्यावर वजनातून कळतो, किंवा काडीच्या आतल्या बाजूला छापलेल्या ‘Titanium’ या शब्दावरून. फक्त फोटोवर ‘टायटॅनियम’ म्हणून जास्त पैसे मागितले जात असतील तर त्या छापाचा फोटो मागावा.

मग फोटो कसा पाठवायचा?

चष्मा काढून, काड्या उघडून पांढऱ्या कागदावर ठेवायचा आणि शेजारी शाळेची मोजपट्टी ठेवून दिवसाच्या उजेडात, काचांच्या अगदी समोरून फोटो घ्यायचा. दुसरा फोटो काडीच्या आतल्या बाजूचा. तिथे `52□18 140` असं काहीतरी छापलेलं असतं. ५२ म्हणजे काचेची रुंदी, १८ म्हणजे दोन काचांमधलं अंतर आणि १४० म्हणजे काडीची लांबी, सगळं मिलिमीटरमध्ये. तिसरा फोटो काचेच्या कडेचा, म्हणजे खाच आहे की भोक ते दिसेल.

तरी काचेची उंची या आकड्यांत येत नाही, आणि आजोबांच्या बाबतीत तीच महत्त्वाची. जवळचं आणि लांबचं असे दोन नंबर एकाच काचेत असतील तर कमी उंचीच्या फ्रेममध्ये वाचायचा भाग कापला जातो. शिवाय जुनी काच घासून लहान करता येते, मोठी करता येत नाही. म्हणून जुन्याच काचा वापरायच्या असतील तर फोटो फक्त फ्रेम निवडण्यापुरता ठेवावा आणि पैसे देण्याआधी काचा दुकानात पाठवून बसवून बघायला सांगावं.