गच्चीवरचं सौर पॅनल आणि सोसायटीचा हिशोब

सोसायटीच्या गच्चीवर सौर पॅनल बसवण्याचा प्रस्ताव सर्वसाधारण सभेपुढे येतो तेव्हा पहिला कागद ठेकेदाराच्या कोटेशनचा नको, सामाईक मीटरच्या मागच्या बारा बिलांचा हवा. लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे यांना महिन्याला किती युनिट लागतात, त्यावरच पॅनलची क्षमता ठरते. प्रत्येक विंगला वेगळा सामाईक मीटर असेल, तर बचत नेमकी कोणत्या मीटरवर धरायची हेही आधीच ठरवावं लागतं.

चाळीस फ्लॅटच्या एका सोसायटीचं उदाहरण घेऊ. सामाईक वापर महिन्याला 2,000 युनिट आणि दर सरासरी 12 रुपये धरू. महाराष्ट्रात 1 किलोवॉटचं पॅनल वर्षभराच्या सरासरीने दिवसाला साधारण 4 युनिट वीज देतं, म्हणजे 15 किलोवॉटचे महिन्याला 1,800 युनिट होतात. त्यासाठी सुमारे 1,500 चौरस फूट बिनसावलीची गच्ची लागते. किलोवॉटला 55,000 रुपये धरले, तर खर्च सव्वाआठ लाख येतो. केंद्राच्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत सोसायटीच्या सामाईक वापरासाठी किलोवॉटला 18,000 रुपये अनुदान आहे, म्हणजे इथे 2 लाख 70 हजार. मात्र ते पॅनल चालू झाल्यावर मिळतं. म्हणून आधी प्रत्येक फ्लॅटला 20,625 रुपये काढावे लागतील आणि नंतर 6,750 परत येतील. सभेत हे स्पष्ट सांगितलं नाही, तर पुढे वाद होतात.

वर्गणी क्षेत्रफळावर नको, समान असावी. सामाईक विजेचं बिल सेवाशुल्कात समान वाटलं जातं, तेव्हा बचतही सगळ्यांना सारखीच मिळणार.

बचत वर्षाला सुमारे 2 लाख 59 हजार होते. धुलाई-दुरुस्तीचे 25,000 वजा केले, तर फ्लॅटमागे महिन्याला जेमतेम 490 रुपये वाचतात आणि निव्वळ गुंतवणूक अडीच वर्षांच्या आत वसूल होते. बिल शून्यावर मात्र येत नाही, कारण स्थिर आकार भरावाच लागतो. पावसाळ्यात उत्पादन बरंच घटतं. उन्हाळ्यातले जास्तीचे युनिट नेट मीटरिंगमध्ये पुढच्या महिन्यांत वळते होतात, पण ही सोय आर्थिक वर्षापुरतीच असते.

खरी गफलत सावलीची होते. टाकीची किंवा लिफ्टच्या खोलीची सावली एका पॅनलवर पडली, तरी त्याच्याशी साखळीत जोडलेल्या बाकीच्या पॅनलची वीजही कमी होऊ शकते. म्हणून डिसेंबरात सकाळी नऊ आणि दुपारी चारला सावली कुठवर येते, ते गच्चीवर खडूने आखून पाहावं. स्लॅबला भोकं पाडण्याऐवजी काँक्रीटच्या ठोकळ्यांवर सांगाडा उभा केला, तर वॉटरप्रूफिंग शाबूत राहतं. बाहेरची वीज गेली की बॅटरी नसलेली ही यंत्रणाही सुरक्षिततेसाठी बंद पडते, त्यामुळे लिफ्टसाठी जनरेटर ठेवावाच लागतो.