जाहिरातीचा खर्च एकच, आकडे तीन

ऑनलाइन जाहिरात करणाऱ्या छोट्या व्यावसायिकाकडे महिनाअखेरीला तीन कागद असतात: जाहिरातीच्या खात्यातला रिपोर्ट, कंपनीकडून आलेलं बिल आणि बँकेचं स्टेटमेंट. तिन्ही एकाच खर्चाबद्दल बोलतात, पण आकडे तीन वेगळे. मग मालकाला वाटतं जाहिरात कंपनीने जास्त पैसे कापले, जाहिरात सांभाळणाऱ्याला वाटतं अकाउंटंटची नोंद चुकली, आणि अकाउंटंट टॅलीत ‘किरकोळ फरक’ नावाचं खातं उघडून मोकळा होतो. यातला शेवटचा उपाय सर्वांत महागात पडतो.

ठाण्यातला एक काल्पनिक फराळ-उद्योग उदाहरणाला घेऊ. दिवाळीच्या आधी त्यांनी गूगलवर जाहिराती केल्या. ऑक्टोबरच्या रिपोर्टमध्ये खर्च दिसतो ६२,४८० रुपये. बिल आलं ७३,१६० रुपयांचं. बँकेतून गेले ७०,८०० रुपये.

आधी बिल आणि रिपोर्ट समोरासमोर ठेवायचे. रिपोर्टमधला खर्च नेहमी कराविना असतो, कारण क्लिकची किंमत जीएसटीशिवाय ठरते. म्हणून बिलाची शेवटची ओळ सोडून करापूर्वीची रक्कम शोधायची. इथे ती ६२,००० आहे आणि तिच्यावर १८ टक्के जीएसटी ११,१६० रुपये. म्हणजे कर बाजूला काढल्यावर खरा फरक उरला फक्त ४८० रुपयांचा. तोही बिलातच सापडतो: सप्टेंबरमधले काही क्लिक बनावट असल्याचं कंपनीला नंतर कळलं आणि त्यांचे पैसे या बिलात वजा झाले. आधीच पकडलेले बनावट क्लिक रिपोर्टमध्ये मोजलेच जात नाहीत. उशिरा पकडलेल्यांची वजावट मात्र बिलात होते, मोहिमेच्या रिपोर्टला तिचा पत्ता नसतो.

आता बँक. बिलापेक्षा २,३६० रुपये कमी गेले, म्हणजे सवलत मिळाली असं नव्हे. आपोआप पैसे कापणाऱ्या खात्यात ठरावीक मर्यादा गाठली किंवा बिलिंगची तारीख आली की कार्डावरून रक्कम जाते, त्यामुळे ती त्या महिन्याच्या बिलाइतकीच असेल असं नाही. सप्टेंबरची ३,५४० रुपये बाकी होती, त्यात ऑक्टोबरचे ७३,१६० मिळवले की ७६,७००. त्यातून ७०,८०० दिले, नोव्हेंबरसाठी बाकी राहिली ५,९००. किराणा दुकानातल्या उधारीच्या वहीसारखाच हा हिशेब आहे: मागील बाकी, या महिन्याचा माल, जमा आणि पुढची बाकी. हा साधा तक्ता मांडला की बँक आणि बिल रुपयान् रुपया जुळतात.

आधी पैसे भरून जाहिरात करणाऱ्यांची फसगत वेगळी होते. १०,००० रुपये भरले की त्यातूनच कर वजा होतो, आणि जाहिरातीसाठी उरतात सुमारे ८,४७५. माणूस म्हणतो, ‘कर १८ टक्के, मग १,८०० जायला हवे होते, गेले १,५२५. कुठला दर हा?’ दर १८ टक्केच आहे. तो ८,४७५ वर लागला आहे, १०,००० वर नाही. करासह रकमेतून कर काढताना १.१८ ने भागायचं असतं. १८ टक्के वजा करणारा दर वेळी चुकतो.

चलनाची गोष्ट याहून गुंतागुंतीची. याच उद्योगाने अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांसाठी एका परदेशी कंपनीकडे डॉलरमध्ये जाहिरात केली. रिपोर्टमध्ये खर्च १,२०० डॉलर, बिलातही १,२०० डॉलर. इथवर सगळं ठीक. पण त्यांचं ॲनालिटिक्स रुपयात आहे आणि ते रोजचा खर्च आदल्या दिवसाच्या दराने रुपयात आणतं. महिनाभराची सरासरी ८५.५० पडली असं धरू, म्हणजे १,०२,६०० रुपये. क्रेडिट कार्डावर मात्र गेले १,०७,४६२.

४,८६२ रुपयांचा हा फरक तीन तुकड्यांचा आहे. ज्या दिवशी कार्डावरून पैसे गेले त्या दिवशीचा दर ८६ होता, त्यामुळे ६०० रुपये वाढले. परकीय चलनातल्या व्यवहारावर बँकेने साडेतीन टक्के मार्कअप घेतला, ते ३,६१२. आणि त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी, सुमारे ६५०. यातला एकही रुपया जाहिरात कंपनीला मिळालेला नाही. वहीत ६०० विनिमय फरकाखाली, ३,६१२ बँक चार्जेसखाली जातात आणि ६५० हा बँकेचा कर. हे सगळं जाहिरातखर्चात ढकललं तर पुढच्या वर्षी ‘अमेरिकेची जाहिरात महाग पडते’ असा निष्कर्ष निघतो. प्रत्यक्षात महाग पडलेलं असतं कार्ड.

शिवाय या परदेशी बिलावर भारतीय जीएसटी नसतो, म्हणून कर नाही असं समजू नका. व्यवसायासाठी बाहेरून सेवा घेतली की रिव्हर्स चार्जखाली १८ टक्के कर आपणच रोखीने भरायचा असतो आणि मग त्याचं क्रेडिट घ्यायचं असतं. ८६ च्या दराने तो १८,५७६ रुपये होतो. हा आकडा रिपोर्टमध्ये, बिलात किंवा कार्डावर कुठेही दिसत नाही, त्यामुळे तो राहून जाण्याची शक्यता सर्वांत जास्त.

म्हणून जुळवणीचा क्रम ठरलेला असावा. खात्याचं जे मूळ चलन आहे त्यात, कर वगळून, रिपोर्ट आणि बिल आधी जुळवायचं. रुपयात आणणं आणि कर मिळवणं त्यानंतर. उलट्या क्रमाने गेलात तर तिन्ही कारणं एकमेकांत मिसळतात आणि पुन्हा सुटी होत नाहीत. कारण ओळखायला भागाकार पुरतो. मोठ्या आकड्याला लहान आकड्याने भागा. दर महिन्याला उत्तर १.१८ च्या आसपास येत असेल तर तो कर. १.०४ किंवा १.०५ च्या आसपास रेंगाळत असेल तर कार्डाचा मार्कअप आणि दर. एका महिन्यात जास्त, पुढच्यात तितकंच कमी असं हलत असेल तर तारखांचा घोळ. खातं लॉस एंजेलिसच्या वेळेवर असेल तर आपल्याकडे १ नोव्हेंबरची सकाळ उजाडली तरी तिथे ३१ ऑक्टोबरच चालू असतो. यापैकी कशातच न बसणारा फरक उरला, तरच कंपनीला विचारायला जावं.

हा काथ्याकूट कशाला, असं कुणी विचारेल. जाहिरातीवर एक रुपया घातला की चार रुपयांची विक्री होते, असं रिपोर्ट सांगतो. ज्याची जीएसटी नोंदणी आहे त्याला करापोटी दिलेले पैसे क्रेडिटने परत मिळतात, म्हणून त्याचा खर्च कराविनाच धरायचा. नोंदणी नसलेल्या घरगुती उद्योजिकेला मात्र तो कर कायमचा गेला. तिचा रुपया खरं तर १ रुपया १८ पैशांचा, आणि चाराचे होतात ३ रुपये ३९ पैसे. फराळासारख्या कमी नफ्याच्या धंद्यात एवढा फरक जाहिरात चालू ठेवायची की नाही ते ठरवतो. नोंदणी असलेल्यांनी उलट बाजूही तपासावी: रिपोर्टमधल्या विक्रीत अनेकदा गिऱ्हाइकाकडून घेतलेला जीएसटी आणि पार्सलचे पैसेही धरलेले असतात, खर्चात कर नसतो. अशी तुलना आपल्याच सोयीची होते.

एवढं करूनही क्रेडिट हातचं जातं ते एका क्षुल्लक कारणाने. जाहिरातीच्या खात्यात जीएसटी क्रमांक भरलेलाच नसतो, किंवा खातं मालकाच्या वैयक्तिक नावावर असतं. मग बिलावर व्यवसायाचा क्रमांक छापला जात नाही आणि ते जीएसटीआर-२बी मध्ये उतरत नाही. आज खात्याच्या पेमेंट सेटिंगमध्ये जाऊन क्रमांक बघा, आणि दर महिन्याचं बिल २बी शी ताडून पाहा. एका आर्थिक वर्षातल्या बिलांचं क्रेडिट पुढच्या ३० नोव्हेंबरपर्यंत किंवा त्या वर्षाचं वार्षिक विवरणपत्र भरेपर्यंत, यातलं जे आधी येईल तोवरच घेता येतं.