पंपाचा थर्मास रडायला लागला की...

दट्ट्या दाबला की चहाची जाड धार यायला हवी. पण येते करंगळीएवढी, तीही अडखळत. अशा वेळी बहुतेक जण दट्ट्या आणखी जोराने दाबतात. त्याने काही साधत नाही, कारण हा पंप चहा ओढतच नाही. झाकणातला प्लास्टिकचा भाता आतल्या चहावर हवा ढकलतो. कोंडलेली हवा चहाला खाली दाबते आणि चहा मधल्या नळीतून वर चढतो.

त्यासाठी लागणारा दाब फार थोडा असतो. पाणी तीस सेंटिमीटर उचलायला वातावरणाच्या दाबाच्या सुमारे तीन टक्के जादा दाब पुरतो. म्हणूनच हवा निसटायला बारीकशी फटही पुरते.

तपासणी थंड पाण्याने करावी. गरम थर्मासात वाफेचा दाब असतो आणि तोटीतून अचानक चटका देणारी धार उडू शकते. गळ्याखाली दोन बोटे जागा सोडून पाणी भरा, झाकण घट्ट बसवा, तोटीवर बोट दाबून धरा आणि दट्ट्या दाबा. तो विनाअडथळा तळापर्यंत गेला, तर हवा कुठूनतरी पळते आहे. झाकणाखालची रबरी रिंग काढून पाहा. ती चपटी, कडक किंवा तडकलेली असेल तर त्याच मापाची नवी घाला. नुसती चहाची पुटे चढली असतील तर धुऊन, नीट खाचेत बसवली तरी पुरते. रिंग ठीक असेल तर भात्यालाच चीर पडली आहे का ते पाहा. तशी चीर चिकटवून फार टिकत नाही. झाकण किंवा भाता बदलावा लागतो.

बोट न लावताही दट्ट्या जड जात असेल आणि धार मात्र बारीकच असेल, तर नळी तुंबली आहे. दुधाची साय, चहापत्ती आणि पाण्यातला क्षार तिथे साचतो. नळी काढून कोमट पाण्यात लिंबूसत्त्व घालून भिजत ठेवा, मग लांब ब्रशने घासा. परत बसवताना वरचे टोक घट्ट बसले पाहिजे. ते सैल राहिले तर पाण्याबरोबर हवाही नळीत शिरते आणि धार फुसफुसते.

दट्ट्या दाबल्यावर वर यायला वेळ लावत असेल, तर भात्यातली स्प्रिंग गंजली किंवा सरकली आहे.

मात्र शेवटच्या दोन कपांची धार मंद असणे हा बिघाड नव्हे. समजा, एका दाबात शंभर मिलिलिटर हवा आत जाते. थर्मासात अडीच लिटर रिकामी जागा असेल, तर तळातला चहा तोटीपर्यंत चढवायलाच त्यातली सुमारे पंच्याहत्तर मिलिलिटर खर्च होते आणि कपासाठी पंचवीस उरते. भरलेल्या थर्मासात हवेची जागा थोडी आणि चढही कमी, म्हणून जवळजवळ सगळा दाब कपात उतरतो. तेव्हा धार मंदावली की आधी आत चहा किती उरला आहे ते बघा, मग झाकण खोला.