‘यांपैकी जी कमी असेल ती’

महाराष्ट्रातल्या अनेक जुन्या सोसायट्यांच्या कपाटात नोंदणीच्या वेळचे इंग्रजी उपविधी पडून असतात आणि सभेतले वाद मात्र मराठीत होतात. मग समिती भाषांतर करायला घेते. सहकार खात्याचे आदर्श उपविधी मराठीत आहेत, पण ते जसेच्या तसे उतरवून घेणे धोक्याचे. संस्थेवर बंधनकारक असतो तो निबंधकांनी नोंदवलेला तिचा स्वतःचा मजकूर. म्हणून दोन्ही कागद कलमागणिक ताडून पाहावे लागतात.

सगळ्यात जपायचे कलम गणपूर्तीचे. 2014 च्या आदर्श उपविधींनुसार सर्वसाधारण सभेला एकूण सभासदांपैकी दोन तृतीयांश किंवा 20, यांपैकी जी कमी असेल ती संख्या हजर लागते. सोसायटी 24 जणांची असेल, तर दोन तृतीयांश म्हणजे 16. हा आकडा वीसाहून कमी, म्हणून 16 पुरतात. सभासद 120 असतील, तर दोन तृतीयांश 80 होतात, पण गणपूर्ती 20 वरच होते. भाषांतरात ‘यांपैकी जी कमी असेल ती’ हे शब्द गळले, तर कोणीतरी 80 जणांचा आग्रह धरतो आणि वैध सभाही वादात सापडते. ‘एकूण सभासद’ऐवजी ‘उपस्थित सभासद’ लिहिले, तर कलमाला अर्थच उरत नाही.

पुढची ओळही तितकीच नाजूक आहे. अर्ध्या तासात गणपूर्ती झाली नाही, तर सभा तहकूब होते. ती नोटिशीत दिल्याप्रमाणे त्याच दिवशी उशिरा, नाहीतर 7 दिवसांच्या आधी नाही आणि 30 दिवसांच्या नंतर नाही अशा तारखेला भरते. त्या सभेत गणपूर्ती नसली तरी मूळ विषयपत्रिकेवरचे काम चालते. इथे घाईत ‘सात दिवसांच्या आत’ असे लिहिले, की अर्थ थेट उलटा होतो.

दंडाच्या कलमात आकड्याइतकीच त्याच्याभोवतीची अट महत्त्वाची. उपविधी मोडल्याबद्दलचा दंड एका आर्थिक वर्षात एकूण 5,000 रुपयांपर्यंतच लावता येतो, तोही कारणे दाखवा नोटीस देऊन, सभासदाचे म्हणणे ऐकून आणि सर्वसाधारण सभेच्या निर्णयाने. ‘एका आर्थिक वर्षात’ वगळले, की तोच दंड दर चुकीला लागू असल्यासारखा वाचला जातो. थकबाकीवरचे व्याज वर्षाला कमाल 21 टक्के आणि सरळ. 10,000 रुपयांवर वर्षाचे 2,100 होतात. ‘सरळ’ सुटले आणि कोषाध्यक्षांनी दरमहा चक्रवाढ धरली, तर सुमारे 2,314.

सभासदांच्या कर्तव्यांत ‘केले पाहिजे’ आणि ‘करता येईल’ यांची सरमिसळ नको. ‘समितीची पूर्वपरवानगी’ आणि ‘समितीला कळवणे’ हेही वेगवेगळे ठेवावेत.

सभासदांना वाचायला म्हणून केलेल्या भाषांतराने मूळ मजकूर बदलत नाही. मराठी प्रतच अधिकृत करायची असेल, तर उपविधी दुरुस्तीचाच मार्ग धरावा लागतो: सभेत हजर राहून मतदान करणाऱ्यांपैकी दोन तृतीयांशांचा ठराव आणि त्यानंतर निबंधकांकडे नोंदणी. तोपर्यंत मराठी प्रतीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवावे की मतभेद झाल्यास नोंदणीकृत इंग्रजी मजकूर ग्राह्य राहील.