सही झालेली ऑफर मागे घेतली, तर काय मागता येतं?

समजा, नाशिकच्या एका इंजिनिअर मुलीला पुण्यातल्या कंपनीचं ऑफर लेटर आलं. पगार दरमहा ८५,००० रुपये, रुजू व्हायचं १ जुलैला. तिनं सही करून ते मेलनं परत पाठवलं आणि जुन्या नोकरीचा राजीनामा दिला. लवकर सुटका व्हावी म्हणून नोटीस पिरियडच्या बदल्यात ४०,००० रुपये भरले, पुण्यात खोलीसाठी २०,००० रुपये दलाली दिली. २० जूनला मेल आला : पद रद्द झालं आहे, ऑफर मागे घेत आहोत.

तिची स्वीकृती कंपनीला पोचली तेव्हाच करार झाला. भारतीय करार अधिनियम, १८७२ नुसार प्रस्ताव मागे घ्यायचा असेल, तर तो स्वीकृतीच्या आधी. नंतर घेतला तर तो करारभंग. मात्र पत्रात ‘पडताळणी समाधानकारक असल्यास’ अशी अट असेल आणि कागदपत्रांत खरोखर खोट निघाली, तर कंपनीची बाजू भक्कम होते.

नोकरीच द्या, असा हुकूम मात्र खासगी कंपनीला कोर्ट सहसा देत नाही. मागायचे ते पैसे, कलम ७३ खाली. किती? इथे पत्रातलं नोटीसचं कलम पाहावं लागतं. समजा, रुजू झाल्यावर कंपनी एक महिन्याची नोटीस देऊन तिला काढू शकली असती. मग वर्षाचा पगार मागून उपयोग नाही. हक्काचं नुकसान साधारण एका महिन्याच्या पगाराएवढं, म्हणजे ८५,००० रुपये.

मग ४०,००० आणि २०,००० त्यात मिळवायचे का? ती रुजू झाली असती तरी हा खर्च झालाच असता. म्हणून पगार आणि खर्च दोन्ही पुरेपूर मिळणं कठीण. पण प्रोबेशनमध्ये नोटीस अवघ्या सात दिवसांची असेल, तर खर्चाची मागणीच मोठी ठरते. तिथे प्रश्न येतो : या खर्चाची कंपनीला कल्पना होती का? म्हणून सही केलेल्या पत्रासोबतच लिहावं, ‘तुमच्या तारखेसाठी मी नोटीसचे पैसे भरून राजीनामा देत आहे आणि पुण्यात राहायला येत आहे.’ हा मेल पुढे पुरावा होतो.

नुकसान कमी करण्याचा प्रयत्नही दिसला पाहिजे. राजीनामा मागे घेता येईल का, हे जुन्या कंपनीला लेखी विचारावं, इतरत्र केलेले अर्ज जपून ठेवावेत. दुसरी नोकरी लगेच मिळाली, तर त्या काळातला पगार मागणीतून वजा होतो.

आधी वकिलामार्फत नोटीस पाठवावी. तिच्यात रकमेचा हिशोब मांडावा आणि पावत्या जोडाव्यात. अनेकदा तडजोड इथेच होते. झाली नाही, तर करारात लवादाचं कलम आहे का ते पाहून पुढचा मार्ग ठरतो. दिवाणी दाव्याची मुदत करारभंगापासून तीन वर्षं आहे. पण एवढ्या रकमेसाठी कोर्टाचा खर्च परवडेल का, हे दावा लावण्याआधीच वकिलाकडून आकड्यांत समजून घ्यावं.