झाडाचा पार: भिंत बाहेरची, श्वास झाडाचा

गटाची बैठक, अंगणवाडीचा खाऊ, एसटीची वाट बघणं, हे सगळं गावात झाडाखालीच होतं. म्हणून गटाकडे थोडे पैसे साठले की पहिला विषय निघतो तो पाराचा. पार बांधायला सोपा वाटतो. गोल भिंत घालायची, आत माती लोटायची, वर फरशी बसवायची. पण असे पार आपण पाहिलेत, की चार-सहा पावसाळ्यांत भिंत फुगली, नाहीतर भिंत धड राहिली आणि झाडच शेंड्याकडून वाळत गेलं. दोन्हींचं मूळ एकच. आत काय भरलं आणि कुठपर्यंत भरलं, याचा विचार झालेला नसतो. आमच्या गटाने समाजमंदिरासमोरच्या कडुनिंबाला पार बांधला, त्याचीच मापं घेऊन आज बोलू.

आधी झाडाकडे बघा. बुंधा जमिनीत शिरताना खाली पसरट होतो, हत्तीच्या पायासारखा. तिथून मुळं फुटतात. ही जागा उघडी राहायला हवी. तिच्यावर दीड फूट माती आली, की साल सतत ओली राहते आणि कुजते. शिवाय झाडाला अन्नपाणी देणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या दीड-दोन फुटांत असतात. त्यांना हवा लागते. वर चिकट माती आणि त्यावर सिमेंटचा कोबा, म्हणजे त्यांच्या तोंडावर उशी दाबल्यासारखं. झाड लगेच मरत नाही. काही वर्षांनी शेंड्याची पानं विरळ होतात, तेव्हा पाराची आठवणही कुणाला होत नाही.

म्हणून आमच्या पाराला दोन कडी आहेत. बाहेरचं कडं १६ फूट व्यासाचं, बसण्यासाठी दीड फूट उंच. आतलं कडं बुंध्याभोवती, आतून ६ फूट व्यासाचं. बुंधा २ फूट जाड आहे, म्हणजे चारही बाजूंनी २ फूट मोकळं आळं राहिलं. आळ्यात भर नाही, फरशी नाही, जुनी जमीन जशी होती तशीच. भर फक्त दोन कड्यांच्या मध्ये.

आता गोल आखायचा कसा? मधोमध झाड उभं, खुंटी कुठे ठोकणार? शाळेत कंपासने गोल काढून त्याच त्रिज्येने कडेवर खुणा केल्या, की बरोबर सहा खुणा बसायच्या. तेच इथे करायचं. आपली त्रिज्या ८ फूट. सहा खुंट्या घ्या. शेजारच्या दोन खुंट्यांत ८ फूट अंतर, आणि प्रत्येक खुंटी बुंध्याच्या सालीपासून सुमारे ७ फुटांवर. सहावीपासून पहिलीपर्यंतही ८ फूट आलं, की गोल जुळला. बुंधा वेडावाकडा असेल तर सालीपासूनचं माप थोडं मागेपुढे होऊ द्या, ८ फूट सोडू नका. मग दोन खुंट्यांत दोरी ताणा आणि दोरीच्या मध्यावरून बाहेर १३ इंचांवर खूण करा. अशा बारा खुणा झाल्या, की चुन्याने हाताने गोलाई ओढता येते.

पाया खणताना गवंडी सलग चर मारायला बघतात. झाडाभोवती सलग चर म्हणजे चारी बाजूंची मुळं तोडणं. त्याऐवजी साधारण सहा-सहा फुटांवर आठ खड्डे घ्या, दीड फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट खोल. काळी माती असेल तर खाली मुरूम लागेपर्यंत जा. कुदळ जपून चालवा. अंगठ्यापेक्षा जाड मूळ आलं तर ते तोडू नका, खड्डा थोडा सरकवा. खड्ड्यांत १ घमेलं सिमेंट, २ वाळू, ४ खडी असं काँक्रीट भरा. आणि माल कालवायचा तो पत्र्यावर, झाडापासून लांब. सिमेंटचं पाणी मुळांना चांगलं नाही.

या आठ खड्ड्यांवर काँक्रीटचं गोल बीम येतं. ते १ फूट रुंद आणि ९ इंच उंच, त्यातलं ३ इंच जमिनीत आणि ६ इंच वर. वाटेत जाड मूळ आलं तर त्याच्याभोवती वाळू ठेवून बीमचा तळ तेवढ्यापुरता वर घ्यायचा.

हे बीम कशासाठी, ते समजून घेऊ. भर बाहेरच्या भिंतीला बाहेर ढकलते आणि भिंतीचे सांधे उघडू पाहते. बैलगाडीच्या लाकडी चाकाला लोखंडी धाव चढवतात ना, तसं या भिंतीला आवळून धरणारं काहीतरी लागतं. ती धाव म्हणजे बीममधली सळई. १० मिलिमीटरच्या चार सळया, वर दोन आणि खाली दोन, आणि दर ५ इंचांवर ८ मिलिमीटरची रिंग. सळई संपते तिथे दुसरी तिच्यावर पावणेदोन फूट चढवायची, आणि चारही सळयांचे असे जोड एकाच जागी येऊ द्यायचे नाहीत. जोड आखूड राहिला तर धाव तिथेच तुटलेली समजा. सळई फळीला टेकू नये म्हणून खाली आणि बाजूला इंचभराचे ठोकळे लावा.

बीमचं काँक्रीट जरा तगडं हवं. १ सिमेंट, दीड वाळू, ३ खडी, आणि ५० किलोच्या एका पोत्याला पाणी २५ लिटरपेक्षा जास्त नको. पातळ माल ओतायला सोपा पडतो, पण वाळल्यावर कच्चा राहतो. सिमेंट किती लागेल? बीमच्या मधल्या रेषेचा व्यास १५ फूट. १५ गुणिले २२ भागिले ७, म्हणजे ४७ फूट घेर. त्याला १ फूट रुंदी आणि पाऊण फूट उंचीने गुणलं की सुमारे ३५ घनफूट. त्याला या मालाने ८ पोती पुरतात. गवंड्याने चारच सांगितली किंवा बारा सांगितली, तर विचारायचं, कशी?

ओतण्याआधी बीममधून २ इंची पाइपाचे तुकडे आडवे ठेवा, जमिनीच्या पातळीला, दर सहा फुटांवर एक. आतल्या तोंडाला जाळी बांधा. पावसाचं पाणी इथून बाहेर येईल आणि हवा आत जाईल. हे नंतर करता येत नाही. बीमवर गोणपाट टाकून दहा दिवस पाणी मारा.

आता दगड. बीमच्या बाहेरच्या अर्ध्या फुटावर घडीव काळा दगड बसतो. मागच्या अर्ध्या फुटात १:२:४ चं काँक्रीट. दगडाचे ६ इंची दोनच थर. दगड पुढे रुंद आणि मागे निमुळता घडवून घ्या, म्हणजे गोलाईत पुढचे सांधे बारीक राहतात. चौकोनी दगड गोलात लावला तर पुढे तोंड उघडतं आणि ते नुसत्या सिमेंटने भरावं लागतं. दगड आधी ब्रशने धुवून ओला करा, धूळ असेल तर माल धरत नाही. बसवायला १ सिमेंट, ५ वाळू. दर तीन-चार फुटांवर एक लांब दगड घ्या, जो मागच्या काँक्रीटमध्ये आरपार जाईल. तोच दर्शनी दगडाला मागे बांधून ठेवतो. सांध्यावर सांधा येऊ देऊ नका. एक थर बसला, माल धरला, की मागे काँक्रीट भरायचं, मग दुसरा थर. दोन्ही थर लावून एकदम मागून ओतलं तर दगड पुढे सरकतात. माल ओला असतानाच सांधे अर्धा-पाऊण इंच खरवडून ठेवा आणि नंतर १:३ मालाने दर्जा भरा.

आतल्या कड्याला मात्र ना पाया, ना सिमेंट. फूटभर रुंदीचे दगड जमिनीवरच गोल रचायचे. भर त्यांना आत ढकलते, म्हणजे दगड एकमेकांत जास्तच घट्ट बसतात, विहिरीच्या बांधकामासारखे. उद्या बुंधा जाड झाला तर तेवढे दगड हलवता येतात.

बाहेरच्या भिंतीचं शेवटचं काँक्रीट टाकून निदान पंधरा दिवस झाले, की भर. शेतातली काळी माती फुकट मिळते, पण ती घेऊ नका. ती पावसात फुगते, उन्हात भेगाळते आणि दरवर्षी भिंतीला धक्का देते. आम्ही खाली ६ इंच मुठीएवढे दगडगोटे टाकले, हवेला आणि पाण्याला वाट म्हणून. त्यावर थोडी बारीक खडी, म्हणजे मुरूम खाली झिरपत नाही. मग ९ इंच मुरूम, दोन थरांत, पाणी शिंपडून, धुम्मसने हलक्या हाताने बसवलेला. यंत्राचा रोलर चालवू नका, खालची माती आवळली जाते. हिशेब असा: दोन कड्यांमधली जागा सुमारे १०४ चौरस फूट. दगडगोटे अर्धा ब्रास आणि मुरूम दबल्यावर पाऊण ब्रास, म्हणून मागवताना १ ब्रास.

उरलेल्या ३ इंचांत वाळूचा थर आणि त्यावर शहाबादी फरशी. फरशीचे सांधे सिमेंटने बुजवू नका, वाळूच भरा. उतार बाहेरच्या बाजूला, चार फुटांत एक इंच. बाहेरची कड ५० फूट भरते. एकीला दोन फूट धरले तर २५ जणी कडेने बसतात.

वड-पिंपळाला हीच मापं चालणार नाहीत. त्यांची मुळं फार जाड होतात आणि बुंधाही पसरतो. तिथे आळं आणि बाहेरचं कडं दोन्ही मोठी घ्या.

गावात आधीच पार असेल तर पावसाळ्यानंतर एक फेरी मारा. नाण्याने दगडांवर टकटक करा. पोकळ आवाज आला तर दगड मागून सुटलाय. सांध्यांत उभी भेग वर रुंद आणि खाली बारीक असेल तर भर भिंतीला ढकलते आहे. अशा वेळी भेग लिंपून उपयोग नाही, तिथली भर काढून पाण्याला वाट करून द्यावी लागेल. आणि बुंधा मातीत खांबासारखा सरळ शिरत असेल, हत्तीचा पाय दिसत नसेल, तर तो पुरला गेलाय. कुदळ नको, खुरप्याने आणि हाताने माती हळूहळू काढा, पसरट भाग दिसेपर्यंत. साल मऊ आणि काळी लागली तर तिथे पुन्हा माती घालू नका, वारा लागू द्या. हे काम एका दुपारचं आहे, आणि त्याला सिमेंटचं एकही पोतं लागत नाही.