पाच मिलिमीटरचा प्रश्न

सकाळी ६. हॉस्टेल झोपलेलं असतं. गायटनमधलं ग्लोमेरुलसच्या गाळणीवरचं प्रकरण आज केसच्या प्रश्नांत उतरवायचं आहे. हायलायटर ड्रॉवरमध्येच ठेवते. रंगवलेली ओळ परीक्षेत ओळखीची वाटते, पण रुग्णाच्या गोष्टीत तीच आली तर ओळखू येत नाही. वाचताना वहीत एवढंच लिहिते: काय बदललं, आणि त्यामुळे पुढे काय झालं.

७.३०. सगळं प्रकरण एका वजाबाकीवर उभं आहे. ग्लोमेरुलसमधला रक्ताचा दाब ६० मिमी पारा. त्याला अडवणारे दोन: बोमन कॅप्सूलमधला दाब १८ आणि रक्तातल्या प्रथिनांची ओढ ३२. उरले १०. गाळणीची क्षमता दर मिलिमीटरला मिनिटाला १२.५ मिली, म्हणून जीएफआर १२५. या गणितात बदलू शकतील अशा चारच गोष्टी आहेत, आणि माझ्या प्रश्नाचे चार पर्याय मला इथेच मिळतात. पर्याय आधी सापडले की केस रचणं सोपं जातं, कारण कोणती खूण कुठल्या पर्यायाकडे नेईल हे ठरवता येतं.

९. पहिला मसुदा. ६८ वर्षांचे गृहस्थ, रक्तदाबासाठी एनालाप्रिल चालू. गुडघेदुखीसाठी आठवडाभर डायक्लोफेनॅक घेतलं, त्यात दोन दिवस जुलाब. क्रिएटिनिन १.० होतं, ते २.० झालं. प्रश्न: गाळणी कशामुळे कमी झाली?

जुलाबांमुळे शरीरातलं पाणी कमी झालं की मूत्रपिंड दोन्ही दारं सांभाळतं. प्रोस्टाग्लँडिन आत येणारी अफेरंट धमनिका उघडी ठेवतं आणि अँजिओटेन्सिन बाहेर जाणारी इफेरंट आवळतं, त्यामुळे मधला दाब टिकतो. डायक्लोफेनॅकने पहिली सोय काढून घेतली, एनालाप्रिलने दुसरी. दाब ६० वरून ५५ वर आला असं धरलं, तर उरतात ५ आणि जीएफआर ६२.५. अवघ्या पाच मिलिमीटरने गाळणी निम्मी! हे गणित पहिल्यांदा मांडलं तेव्हा मी वहीकडे बघतच राहिले होते.

११. जीएफआर निम्मं झालं म्हणून क्रिएटिनिन त्याच दिवशी दुप्पट होत नाही. ते साठत जाऊन स्थिरावायला दिवस लागतात. म्हणून केसमध्ये एक ओळ वाढवते: 'गेले दोन दिवस क्रिएटिनिन २.० वरच आहे.' ही ओळ नसेल तर आकड्यावरून जीएफआरचा अंदाज बांधताच येत नाही, आणि हुशार मुलगी नेमकं तेच विचारेल.

१. मेस.

२.३०. रूममेटला प्रश्न देते. ती दहा सेकंदांत बरोबर उत्तर देते.

"कसं ओळखलंस?"

"अगं, दोन औषधांची नावं दिलीयस. बाकीच्या पर्यायांसाठी केसमध्ये काहीच नाहीये."

खरं आहे तिचं. मूत्रमार्ग अडल्याने बोमन कॅप्सूलमधला दाब वाढला, हा पर्याय नुसता शोभेला उभा आहे. त्याला बळ द्यायला हवं. आता गृहस्थांना प्रोस्टेटचा जुना त्रास आहे, रात्री दोनदा उठावं लागतं. पण सोनोग्राफीत मूत्रपिंडं फुगलेली नाहीत आणि लघवी झाल्यावर मूत्राशय रिकामं आहे. हे वाचणाऱ्याला अडथळ्याचा विचार करावाच लागेल आणि पुराव्यानिशी सोडावा लागेल. मग पर्याय झाकून बघते. नुसत्या केसवरून उत्तर मनात तयार होतं, म्हणजे प्रश्न उभा राहिला.

४.३०. आता जोडप्रश्न. गृहस्थ तेच, प्रोस्टेट तेच, पण दोन्ही औषधं आणि जुलाब काढून टाकले आणि सोनोग्राफीत दोन्ही मूत्रपिंडं फुगलेली दाखवली. आता १८ चा आकडा वाढतो आणि उत्तर बदलतं. दोन्ही प्रश्न वेगवेगळ्या दिवशी सोडवायचे. लागोपाठ घेतले तर दुसऱ्याचं उत्तर पहिल्यावरूनच कळतं.

६. उत्तराच्या कागदावर प्रत्येक चुकीच्या पर्यायापुढे एक वाक्य लिहिते: केसमध्ये काय असतं तर हा बरोबर ठरला असता. या कामाला सगळ्यात जास्त वेळ जातो, आणि मी ते घाईत उरकत नाही. एखाद्या पर्यायापुढे असं वाक्य सुचलंच नाही, तर तो पर्याय काढून टाकते.

८.३०. एक मुद्दा उरतो. इफेरंट थोडी आवळली तर जीएफआर किंचित वाढतं. फार आवळली तर रक्तप्रवाह मंदावतो, प्रथिनं दाटतात, ३२ चा आकडा चढतो आणि जीएफआर उतरतं. यासाठी रुग्ण शोधते, पण वॉर्डात एवढी एकच गोष्ट कुणाची बिघडत नाही. ओढूनताणून केस रचली तर शरीरात न घडणारं काहीतरी पाठ होईल. म्हणून इथे रुग्ण नको. कोऱ्या कागदावर दोन अक्ष आखते आणि खाली लिहिते: 'वक्र काढ, आणि तो जिथे वळतो तिथे कारण लिही.'